घडी सांगते ते पावती सांगत नाही

ताई, नमस्कार. दहा दिवसांपूर्वी माझ्या मुलीचं लग्न झालं. माझ्या चुलत सासूबाईंनी मला आहेरात साडी दिली. डबा साधा पांढरा, त्यावरचं स्टिकर ओरबाडून काढलेलं. आत पावती नाही, लेबल नाही. वांगी रंग, हिरवा काठ, काठावर पोपट, पदरावर मोर. पदर उलटून बघितला तर मागे कापलेल्या दोऱ्यांच्या रांगा दिसतात आणि काठाची जर मागून बोटात अडकते. घडीवर जर जराशी काळपट झालीय. एका कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडा आणि खाली तीन इंग्रजी अक्षरं लिहिलीत. ही खरी पैठणी आहे का? माझ्याकडे वांगी रंगाच्या तीन साड्या आहेत, मला राणी कलर हवा होता. फॉल अजून लावलेला नाही. पावतीशिवाय बदलून मिळेल का? सासूबाईंना विचारायची लाज वाटते.
— एक वाचक, सेलू

ताई, तुम्ही पदर उलटून बघितलात आणि जे दिसलं ते नीट लिहिलंत, त्यामुळे अर्धं काम झालेलं आहे. माझ्या वडिलांचं परभणीत कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक साडी घेऊन आलं की ते आधी साडी उलटी करायचे आणि मग बोलायचे. मीही तिथूनच सुरुवात करते.

हातमागावरच्या पैठणीच्या पदरात मोर विणताना विणकर प्रत्येक रंगाच्या दोऱ्याची वेगळी छोटी कांडी वापरतो. मोराच्या निळ्या रंगाचा दोरा मोराची कड आली की तिथंच शेजारच्या रंगाच्या दोऱ्यात अडकवून परत फिरवला जातो. तो पदराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही, म्हणून मागे लोंबायला काही उरत नाही. अशा पदराची उलटी बाजू जवळजवळ सुलट्या बाजूसारखीच दिसते, आणि एक मोर विणायला विणकराला कितीतरी वेळ लागतो. यंत्रमागावर असं थांबून परत फिरणं परवडत नाही. तिथं रंगीत दोरा पदराच्या पूर्ण रुंदीत धावतो, जिथं मोर आहे तिथं वर दिसतो आणि बाकी ठिकाणी मागे तरंगत राहतो. विणून झाल्यावर हे तरंगते दोरे कापून टाकतात. तुम्हाला मागे ज्या रांगा दिसल्या त्या याच कापणीच्या. तेव्हा पदराचं उत्तर स्पष्ट आहे: ही यंत्रमागाची साडी आहे, बाजारात जिला सेमी पैठणी म्हणतात ती.

काठाबद्दल मात्र जरा सांभाळून बोलायला हवं. मागून जर बोटात अडकते एवढ्यावरून कुणी ‘ही खोटी’ म्हणालं तर लगेच मान्य करू नका. हातमागावरच्या ब्रोकेड पैठणीतही काठाला जादा जरीचे दोरे वापरतात आणि तेही मागे थोडे मोकळे राहू शकतात. काठाची खरी परीक्षा सांध्यावर होते. साडी उलटी करून, वांगी अंग संपून हिरवा काठ सुरू होतो ती रेघ उजेडात बघा. हातमागावर काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणतात, त्यामुळे अंगाचा वांगी दोरा त्या रेघेवर काठाच्या दोऱ्यात अडकून मागे फिरतो, काठात शिरत नाही. तुमच्या साडीत वांगी आडवा दोरा काठातून थेट किनारीपर्यंत गेलेला दिसेल असा माझा अंदाज आहे. तसा दिसला तर हिरवा रंगही मागून थोडा मळकट वाटेल. एकदा बघून खात्री करून घ्या.

लोक आणखी दोन खुणा पुरावा म्हणून सांगतात. साडी हलवली की दोन रंग दिसतात, धूपछाव आहे, म्हणजे अस्सल असं म्हणतात. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की कुठल्याही कापडात धूपछाव दिसते, पॉलिस्टरमध्येसुद्धा. दुसरी खूण म्हणजे किनारीवरची टाचणीएवढी बारीक भोकं. ती हातमागाची मानतात, पण कापड ताणून धरणारे काटे यंत्रमागावरही असतात. या दोन्हींवर विसंबू नका.

लेबल नाही यावरूनही काही ठरत नाही. रेशमाची खात्री देणारं ‘सिल्क मार्क’ हे एक लटकवलेलं लेबल असतं आणि घरी आलं की ते सहज काढून टाकलं जातं. ते नसणं म्हणजे साडी रेशमाची नाही असा अर्थ होत नाही. रेशीम की कृत्रिम धागा हे ओळखायला दोऱ्याचं टोक जाळून बघतात. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे चुरगळणारी राख राहते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. कागद जळल्यासारखा वास आला तर सूत किंवा व्हिस्कोस. उभा धागा रेशमाचा आणि आडवा दुसरा असंही असतं, म्हणून दोन्हीकडचा एकेक दोरा वेगळा तपासावा लागतो. पण ताई, हे आज करू नका. ब्लाउजपीसच्या टोकाचे दोन दोरे ओढले तरी दुकानदाराच्या नजरेत येतं. बदलून मिळायची जी काही शक्यता आहे ती आधी संपू द्या, मग जाळून बघा.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य घेते: घडीवर जर काळपट झालीय.

जर साधारण तीन प्रकारची असते. अस्सल जरीत रेशमाच्या दोऱ्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा देतात. टेस्टेड जरीत तांब्याची तार असते, तिच्यावर चांदीचा थर आणि वरून सोनेरी चमक. तिसरी प्लॅस्टिकची, म्हणजे चकचकीत फिल्मची पट्टी. चांदी आणि तांबं हवेनं, दमटपणानं, घामानं काळवंडतात. प्लॅस्टिकची पट्टी तशी काळवंडत नाही. तुमची जर काळी पडली याचा अर्थ ती धातूची आहे, आणि यंत्रमागाच्या साडीत ती बहुतेक टेस्टेड असणार. सगळ्यात हलकी साडी तुम्हाला दिलेली नाही, एवढं तुमच्या समाधानासाठी. जाळून बघाल तेव्हा पदराच्या गोंड्यातला एक जरीचा दोरा नखानं खरवडूनही बघा. खाली तांबूस झळकलं तर टेस्टेड.

काळ्या पडण्यातून दुसरीही गोष्ट कळते. दहा दिवसांत जर घडीवर काळी पडत नाही. ही साडी याच घडीत बऱ्याच काळापासून पडून आहे. ती कुठं पडून होती, दुकानाच्या फळीवर की कुणाच्या कपाटात, हे आता बघायचं, कारण बदलून मिळेल का या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. दुकानातही साडी दोन-तीन हंगाम पडून राहते, म्हणून काळेपणावर एकट्यावर जाऊ नका. तीन गोष्टी तपासा. वास घ्या. डांबराच्या गोळ्यांचा वास येत असेल तर साडी घरातल्या कपाटातून आली असण्याचीच शक्यता मोठी. मग घडी मोजा. दुकानाची घडी ठरलेल्या मापाची, बहुधा पुठ्ठ्यावर किंवा कागदावर घातलेली असते. आत्ताच्या घडीशी न जुळणारी दुसरी चुणी साडीभर दिसत असेल तर ती एकदा उलगडून घरच्या हातानं पुन्हा घातलेली आहे. शेवटी खालचा काठ, जिथं फॉल लागतो तिथं, खिडकीकडे धरून बघा. सुईच्या बारीक भोकांची सरळ रांग दिसली तर फॉल लावून उसवलेला आहे. हे तिसरं सापडलं तर बाकी काही बघायची गरज नाही, कुठलंही दुकान ती साडी परत घेणार नाही.

मी हे कशासाठी सांगतेय हे तुमच्या लक्षात आलं असेल. आपल्याकडे आहेराच्या साड्या फिरतात. एकीच्या लग्नात आलेली साडी न नेसता कपाटात जाते आणि पुढच्या लग्नात दुसरीला मिळते. घराघरात चालतं हे, आणि त्यात देणाऱ्याचा वाईट हेतू नसतो. तुमच्या सासूबाईंना ही साडी स्वतःला आहेरात मिळाली असेल, त्यांना ती जपून ठेवावीशी वाटली असेल आणि तुमच्या लेकीच्या लग्नात त्यांनी ती काढून दिली असेल. मग तुम्ही ‘कुठल्या दुकानातून घेतली?’ असं विचारलंत तर त्यांच्याकडे उत्तर नसेल. त्या एखादं दुकान सांगून वेळ मारून नेतील आणि पुढे तुमच्याशी बोलताना त्यांना अवघड वाटेल. तुमची लाज एका क्षणाची आहे, त्यांचा अवघडलेपणा वर्षानुवर्षं राहील. म्हणून वास, चुणी, भोकं यांपैकी काहीही सापडलं तर त्यांना विचारू नका. साडी ठेवून घ्या.

तिन्हीपैकी काहीच नसेल, घडी दुकानाची असेल आणि जर फक्त कडेला काळसर असेल, तर साडी दुकानात पडून राहिलेल्या मालातली आहे आणि सासूबाईंनी ती अलीकडेच घेतली आहे असं धरायला हरकत नाही. मग विचारा, आणि सरळ विचारा. ‘काकू, साडी फार आवडली, पण वांगी रंगाच्या तीन आहेत माझ्याकडे. दुकान सांगितलंत तर राणी कलर मिळतो का बघेन, तुम्ही दिलेलीच साडी म्हणून नेसेन.’ ब्लाउजपीस मॅच करायचंय असं खोटं कारण सांगू नका. नंतर दुसऱ्या रंगाची साडी नेसलेली त्यांना दिसली की मनात गाठ बसते.

आता दुकानात काय होईल ते. कोपऱ्यातला पेन्सिलीचा मजकूर हाच तुमचा सगळ्यात चांगला पुरावा आहे, तो पुसू नका. आकडा बहुधा त्या दुकानाचा माल-नंबर असतो आणि अक्षरं किमतीची गुप्त खूण. जुने कापडवाले दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द ठरवतात, प्रत्येक अक्षराला एक अंक देतात आणि खरेदीची किंमत त्या अक्षरांत लिहितात, म्हणजे गिऱ्हाइकाला वाचता येत नाही. तुमच्या तीन अक्षरांमागे बहुधा तीन अंक दडलेले असतील. पण शेवटचं शून्य गाळून लिहायचीही काही दुकानांत पद्धत असते, म्हणून त्यावरून किंमत काढायला जाऊ नका. दुसऱ्या कुणाला ती अक्षरं वाचता येणार नाहीत, पण ज्यानं लिहिली त्याला आपला माल लगेच ओळखता येतो. पावती नसताना दुकानदाराचा पहिला संशय ‘ही आमची साडी आहे कशावरून?’ हाच असतो, आणि तो या खुणेनं फिटतो. दुकान हिशेब कॉम्प्युटरवर ठेवत असेल तर सासूबाईंचा मोबाईल नंबर आणि खरेदीची साधारण तारीख सांगितली की बिल निघू शकतं. त्यांनी फोनवरून पैसे दिले असतील तर त्यांच्या फोनमधल्या त्या व्यवहारात दुकानाचं नाव, तारीख आणि रक्कम तिन्ही मिळतात. आणि त्यांच्या घरच्या एखाद्या लग्नाच्या बस्त्यात ही साडी आली असेल तर दुकानदाराला ते घराणंच आठवेल. आपल्याकडे बस्ता बांधणारं दुकान लग्न उरकल्यावर न नेसलेल्या दोन-चार साड्या बदलून देतं, कारण पुढचा बस्ता त्याला हवा असतो.

पण अपेक्षा मर्यादित ठेवा. रोख परत मिळणार नाही, हे धरूनच चाला. बदली मिळाली तरी तुमच्या साडीचे पैसे आजच्या भावानं धरतील, आणि मध्ये सेल लागून गेला असेल तर सेलच्या भावानं. राणी कलरची साडी महाग असेल तर फरक तुम्हाला भरावा लागेल. जरीचा काळेपणा दुकानदाराला दिसेलच. तो लपवू नका, ‘आली तेव्हाच अशी होती’ असं पहिल्या वाक्यातच सांगा. लग्नसराईच्या ऐन गर्दीत, संध्याकाळी जाऊ नका. सकाळी दुकान उघडल्यावर, मालक गल्ल्यावर असताना जा. नोकराला बदलून देण्याचा अधिकार बहुतेक दुकानांत नसतो, आणि त्याच्या तोंडून एकदा ‘नाही’ निघालं की मालकालाही ते फिरवणं जड जातं.

वडिलांच्या दुकानात घडलेलं एक सांगते. एक बाई साडी घेऊन आल्या. पावती नव्हती, पण कोपऱ्यात वडिलांच्याच हाताची अक्षरं होती. त्यांनी नंबर वहीत बघितला. साडी तीन वर्षांपूर्वी गंगाखेडच्या एका घराच्या बस्त्यात गेली होती आणि या बाई त्या घरच्या नव्हत्या. म्हणजे ती फिरत फिरत त्यांच्याकडे आली होती. कुणी दिली हे त्या सांगणार इतक्यात वडिलांनी त्यांना थांबवलं. ‘माल आमचाच आहे बाई, पण हा रंग आता चालत नाही, मला ठेवता येणार नाही,’ एवढंच म्हणाले. बाई गेल्यावर मी विचारलं, खरं का नाही सांगितलं? ते म्हणाले, ‘तिला साडी कुणी दिली ते मला कळलं असतं, आणि दिली त्या बाईला हे तिच्याकडून कळलं असतं.’ वही त्यांनी लगेच मिटली होती. साडी परत घ्यायला नकार देण्यात त्यांचं नुकसान काहीच नव्हतं, पण दोन घरांमधलं नातं त्यांना त्या वेळी दिसत होतं.

कायद्याचं थोडक्यात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, दुकानदाराने दोष असलेला माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. बिल न देणं हीही तशीच प्रथा. आणि विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणाराही ग्राहकच ठरतो, म्हणून भेट मिळालेल्या माणसालाही यात जागा आहे. पण रंग न आवडणं हा दोष नाही. तिथं कायदा दुकानदाराला भाग पाडत नाही, त्याची मर्जी चालते. सासूबाईंना ‘हातमागाची शुद्ध रेशमी पैठणी’ सांगून त्या भावात ही साडी विकली गेली असेल तर गोष्ट वेगळी आहे, ती सरळ फसवणूक. हातमागाची साधी पैठणीही साधारण दहा हजारांच्या आसपास किंवा त्यापुढे जाते, सेमी त्याच्या कितीतरी कमी किमतीत मिळते. त्यांनी स्वतःहून किंमत सांगितली आणि ती हातमागाच्या भावातली निघाली, तर त्यांना हे पत्र दाखवा. तक्रार त्यांनी करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तुम्ही किंमत खोदून विचारू नका.

माझा अंदाज विचाराल तर: बदली मिळण्याची शक्यता कमी आहे. ओरबाडलेल्या स्टिकरचं मला काही वाटत नाही, किंमत दिसू नये म्हणून नवीन साडीचंही स्टिकर लोक काढतातच. पण काळी पडलेली जर आणि साधा पांढरा डबा एकत्र आले की मला दुकानापेक्षा कपाटच जास्त दिसतं. आज दुपारी साडी खिडकीपाशी नेऊन ती भोकं तेवढी बघा.

साडी ठेवायचं ठरलं तर डब्यातून काढा, पुठ्ठा फेकून द्या आणि जुन्या धुतलेल्या सुती पातळात गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, डांबराच्या गोळ्या जरीला टेकवून नको. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर आता जिथं जर काळी आहे तिथंच पुढे कापड चिरत जाईल. काळेपणा घालवायला लिंबू, टूथपेस्ट असलं काही लावू नका. टेस्टेड जरीवरचा पातळ थर त्यात निघून जातो आणि खालचं तांबं उघडं पडतं. तुमच्या तीन वांगी साड्यांपैकी एकीचा राणी रंगाचा ब्लाउज असेल तर तो हिच्यावर घालून बघा. हिरव्या काठाला राणी रंग चांगला जातो.